घरचा संगणक : भाचीचे शेत परत कसे मिळाले

मागच्या महिन्यातली गोष्ट. शनिवारची रात्र होती, साडेनऊचा सुमार. जेवण आटोपून मी मंडळाच्या वर्गणीची वही काढून बसलो होतो, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, पोरगी जेवायला तयार नाही. शेत गेलं म्हणून रडत बसलीय."

क्षणभर मला काहीच उमजेना. आमच्या दोन्ही घरांत कुणाच्याच नावावर शेत नाही, मग गेले कुणाचे? फोन भाचीच्या हाती गेला तेव्हा खुलासा झाला. शेत संगणकातले होते. स्टारड्यू व्हॅली नावाचा खेळ. एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन माणसाने तो एकट्याने तयार केला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत बाजारात आणला. एक पडीक शेत मिळते. ते नांगरायचे, पेरायचे, गुरे-कोंबड्या पाळायच्या, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवायच्या, असा हा खेळ आहे.

यात रडण्यासारखे काय, असे काही वाचकांना वाटेल. पण हे शेत भाचीने तिच्या मोठ्या भावाबरोबर सुरू केले होते. एक जुना संगणक आणि दोघे भावंडे. एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा, अशी त्यांची पाळी होती. पाच महिन्यांपूर्वी भाऊ आयटीआय संपवून पुण्याला कामाला गेला. खुराडे त्याने बांधले, विहिरीची जागा त्याने ठरवली, कोंबड्यांना नावे त्यानेच ठेवली. तेव्हापासून शेत ती एकटी सांभाळते आणि रविवारी फोनवर त्याला हिशेब देते. म्हणून आवाज रडवेला होता.

अशी साठवण गेली म्हणजे काय करायचे, हे त्या रात्री मी तिला फोनवरून सांगत गेलो. आज तेच सविस्तर लिहितो आहे. पुष्कळ घरांत मुले असे खेळ खेळतात, आणि घाबरून दाबलेले एक बटण वाचलेली साठवणसुद्धा घालवते.

पहिले काम : काहीही न करणे

मी विचारले, "नेमकं काय झालं ते सांग."

"मामा, रात्र झाली, मी झोपायला गेले. सेव्ह होत होतं तेवढ्यात लाईट गेली. आल्यावर गेम लावला. यादीत माझं शेत दिसतं, पैसेपण दिसतात. पण क्लिक केलं की नुसतं लोडिंग, पुढे जातच नाही."

या दोन-तीन वाक्यांत निम्मे निदान होते. हा खेळ मधूनमधून साठवला जात नाही. खेळातला माणूस रात्री झोपला की त्या दिवसाची साठवण होते, तेव्हा एकदाच. नेमक्या त्याच काही सेकंदांत वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते.

मी पुढचे विचारले, "गेम आत्ता चालू आहे की बंद केलास?"

"चालूच आहे. लोडिंगवर अडकलाय."

"मग बंद करू नकोस. आधी आईच्या मोबाईलचा हॉटस्पॉट बंद कर."

तिला नवल वाटले. पण या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून कारण नीट सांगतो.

हा खेळ तिने स्टीमवरून घेतलेला आहे. स्टीम आपल्या साठवणीची एक प्रत इंटरनेटवर, म्हणजे क्लाउडवर, ठेवते. ती प्रत वर केव्हा जाते? आपण खेळ बंद करतो तेव्हा. स्टीम पाहते, की संगणकावरची फाइल मागच्या वेळेपेक्षा बदलली आहे, आणि ती वर पाठवते. ती चांगली आहे की बिघडलेली, हे स्टीमला कळत नाही. तिच्या दृष्टीने बदलली एवढेच खरे. म्हणजे भाचीने नेट चालू असताना खेळ बंद केला असता, तर बिघडलेली फाइल वर गेली असती आणि तिथल्या चांगल्या प्रतीची जागा तिने घेतली असती.

आपण क्लाउडला तिजोरी समजतो. या कामापुरता तो आरसा आहे. समोर चांगले असेल तर चांगले दाखवेल, समोरचे बिघडले तर तोही बिघडलेलेच दाखवेल. शिवाय स्टीमच्या क्लाउडमध्ये साठवणीची शेवटची एकच प्रत राहते. कालची, परवाची अशी मागची आवृत्ती तिथे मागता येत नाही.

म्हणून क्रम असा. आधी नेट तोडायचे, मग खेळ बंद करायचा. बंद करताना क्लाउडशी जुळवणी झाली नाही अशी सूचना स्टीमने दिली, तर घाबरायचे नाही. आपल्याला तेच हवे आहे.

दुसरे काम : कपाट उघडून मोजदाद

साठवणीच्या फाइली संगणकावर कुठे असतात? विंडोजमध्ये त्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, म्हणून शोधून सापडत नाहीत. पण वाट सोपी आहे. कीबोर्डवरचे विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि R ही दोन बटणे एकत्र दाबायची. एक लहान चौकट उघडते. तिच्यात पुढील ओळ लिहून एंटर दाबायचे :

```
%appdata%\StardewValley\Saves
```

उघडलेल्या फोल्डरमध्ये प्रत्येक शेताचे एक फोल्डर असते. नावात आधी शेतकऱ्याचे नाव आणि पुढे एक लांब आकडा. भाचीचे फोल्डर होते `Chimni_318204517`. चिमणी हे तिचे खेळातले नाव.

कशालाही हात लावण्यापूर्वी मी तिला सांगितले, "हे आख्खं Saves फोल्डर कॉपी कर आणि डेस्कटॉपवर ठेव. आता जे काही करू ते मूळ जागी करू. चुकलं तर डेस्कटॉपवरची प्रत आहेच." कॉपी म्हणजे कॉपी. ओढून नेणे नव्हे. ऑफिसात मूळ कागद फाइलमधून काढण्याआधी त्याची झेरॉक्स घेतात, तसेच हे आहे.

मग शेताचे फोल्डर उघडायला सांगितले. आत चार फाइली होत्या :

```
Chimni_318204517
Chimni_318204517_old
SaveGameInfo
SaveGameInfo_old
```

या चारांचा अर्थ समजला की पुढचे सगळे समजते. शेताच्या नावाची जी फाइल आहे, ती खरी खतावणी. पीक, गुरे, पैसा, घरातली प्रत्येक वस्तू, गावातल्या प्रत्येकाशी असलेले नाते, सगळे तिच्यात. `SaveGameInfo` ही त्या खतावणीवर चिकटवलेली चिठ्ठी. शेतकऱ्याचे नाव, तारीख, पैसे यांची माहिती यादी दाखवण्यासाठी खेळ या चिठ्ठीतून वाचतो. आणि `_old` असलेल्या दोन फाइली म्हणजे त्याच दोहोंच्या आदल्या दिवसाच्या प्रती. नवी साठवण करताना खेळ आधीची साठवण पुसून टाकत नाही, तिला `_old` नाव देऊन बाजूला ठेवतो. ही सोय खेळातच आहे, ती कुणी चालू करावी लागत नाही.

आता भाचीच्या तक्रारीचा उलगडा होतो. यादीत शेत दिसत होते, पैसेही दिसत होते. म्हणजे चिठ्ठी शाबूत होती. क्लिक केल्यावर पुढे जात नव्हते, म्हणजे खतावणी बिघडली होती. उलटही होऊ शकते. खतावणी चांगली पण चिठ्ठी बिघडली, तर शेत यादीतच दिसत नाही आणि सगळे गेले असे वाटते. म्हणून यादीत दिसत नाही एवढ्यावरून आशा सोडायची नाही.

तिसरे काम : चांगली कोणती, बिघडलेली कोणती

इथे बहुतेक लोक फाइलचा आकार पाहतात आणि फसतात. भाचीच्या बिघडलेल्या फाइलचा आकार `_old` फाइलएवढाच दिसत होता. ती म्हणाली, "मामा, ही तर भरलेली आहे."

भरलेली होती, पण कशाने? लिहिण्याच्या मध्येच वीज गेली म्हणजे असे होते, की फाइल केवढी याची नोंद डिस्कवर झालेली असते, पण प्रत्यक्ष मजकूर उतरलेला नसतो. मग तेवढी जागा नुसत्या शून्यांनी भरलेली राहते. पावती पुस्तकातले पान आहे, क्रमांक आहे, पण पान कोरे. असे ते असते. कधी आकार सरळ ० केबी दिसतो, तेव्हा शंकाच राहत नाही.

खरी पारख फाइल उघडूनच होते. फाइलवर राइट क्लिक करून Notepad मध्ये उघडायची. मोठी फाइल असल्याने थोडा वेळ लागतो, थांबायचे. चांगली खतावणी `<?xml` या अक्षरांनी सुरू होते. मग Ctrl आणि End ही बटणे एकत्र दाबून शेवटाला जायचे. तिथे `</SaveGame>` असे लिहिलेले असले पाहिजे. `SaveGameInfo` चा शेवट `</Farmer>` ने होतो. सुरुवात आणि शेवट दोन्ही ठीक असतील, तर फाइल पूर्ण उतरली आहे असे समजायला हरकत नाही. सुरुवात आहे पण शेवट मध्येच तुटला आहे, तर ती अर्धवट. आणि सगळे कोरे दिसले, तर काहीच उरलेले नाही.

एक ताकीद. पाहून झाले की Notepad बंद करायचे. बदल साठवू का असे त्याने विचारलेच, तर नाही म्हणायचे. चुकून एखादे अक्षर पडले आणि साठवले गेले, तर चांगली फाइलही बिघडते.

भाचीने चारही फाइली पाहिल्या. खतावणी कोरी होती. चिठ्ठी ठीक होती. `_old` वाल्या दोन्ही ठीक, शेवटी `</SaveGame>` स्पष्ट दिसत होते. ते वाचून दाखवताना तिचा आवाज बदलला.

चौथे काम : हिशेब मांडून निवड

आता आमच्याकडे जायला दोन वाटा होत्या. एक, `_old` वापरणे. दुसरी, क्लाउडवरची प्रत आणणे. कोणती घ्यावी हे मनाने ठरवायचे नाही, हिशेबाने ठरवायचे.

खेळातला एक दिवस आपल्या घड्याळाने साधारण १४ मिनिटांचा. एका ऋतूत २८ दिवस, चार ऋतूंचे वर्ष, म्हणजे वर्षाचे ११२ दिवस. भाची दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात होती. शनिवारी तिने हिवाळ्याच्या ५ तारखेपासून खेळायला सुरुवात केली आणि १० तारखेच्या रात्री झोपताना वीज गेली. बिघडलेली साठवण होती ती या १० तारखेच्या रात्रीची.

`_old` म्हणजे तिच्या आधीची, ९ तारखेच्या रात्रीची साठवण. ती लावली तर खेळ १० तारखेच्या सकाळी सुरू होणार. नुकसान एका दिवसाचे, १४ मिनिटांचे.

क्लाउडवर काय असेल? शनिवारी खेळ नीट बंद झालाच नव्हता, वीजच गेली होती. म्हणजे शनिवारचे काहीही वर गेलेले नाही. आधीचा खेळ गुरुवारी झाला होता आणि नीट बंद केला होता. तेव्हा ती ४ तारखेची रात्र करून थांबली होती. क्लाउडची प्रत लावली तर खेळ ५ तारखेच्या सकाळी सुरू होणार. नुकसान सहा दिवसांचे, म्हणजे ८४ मिनिटांचे.

आणि दोन्ही हातून गेल्या असत्या तर? पहिल्या वर्षाचे ११२ दिवस, दुसऱ्या वर्षाचे तीन ऋतू म्हणजे ८४, आणि हिवाळ्याचे ९. एकूण २०५ दिवस. प्रत्येकी १४ मिनिटे धरली तर जवळजवळ ४८ तास, आणि त्यातले निम्मे भावाच्या हातचे.

तेव्हा निवड `_old` ची. पण क्लाउडची प्रत आम्ही सोडली नाही. ती दुसरा आधार म्हणून आधी उतरवून घेतली. संगणकाचे नेट बंदच ठेवले आणि आईच्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये भाचीने स्वतःच्या खात्याने `store.steampowered.com/account/remotestorage` हे पान उघडले. या पानावर आपल्या खात्यातल्या खेळांच्या क्लाउडवरच्या फाइली तारखेसह दिसतात आणि एकेक करून उतरवता येतात. तारीख गुरुवारचीच होती. खतावणी आणि चिठ्ठी मोबाईलमध्ये उतरवून ठेवल्या. उतरवताना फाइलच्या नावात फोल्डरचे नाव मिसळून ते लांबलचक होऊ शकते. वापरायची वेळ आली तर नाव मुळासारखे करावे लागते.

पाचवे काम : नाव बदलणे

दुरुस्ती प्रत्यक्षात पाच मिनिटांची आहे. शेताच्या फोल्डरमधून `_old` नसलेल्या दोन्ही फाइली उचलून डेस्कटॉपवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायच्या. मग `_old` वाल्या दोन फाइली एकेक करून निवडून F2 दाबायचे आणि नावातले शेवटचे `_old` काढून टाकायचे. एवढेच.

तरी इथे तीन चुका हमखास होतात.

पहिली चूक म्हणजे फक्त बिघडलेली फाइल बदलणे आणि चिठ्ठी नवीच ठेवणे. मग चिठ्ठी ११ तारीख सांगते आणि खतावणी १० तारीख. चिठ्ठी चांगली असली तरी जोडी एकाच दिवसाची ठेवावी.

दुसरी चूक म्हणजे नावाला शेवटी `.txt` लागणे. या फाइलींना शेपूट नसते. ते लागले तर खेळाला फाइल सापडत नाही.

तिसरी चूक फोल्डरच्या नावाची. फोल्डरचे नाव आणि आतल्या खतावणीचे नाव अक्षरशः एकच लागते. फोल्डरची कॉपी त्याच जागी केली तर विंडोज नावापुढे `- Copy` लावते. तसे झाले की शेत उघडत नाही आणि आपण उगाच फाइलला दोष देतो.

भाचीने नावे बदलली. नेट अजून बंदच. स्टीम ऑफलाइन चालू करून खेळ उघडला. यादीत शेतावर क्लिक केले. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग म्हणाली, "मामा, कोंबड्या आहेत."

तिला म्हटले, आता लगेच नेट लावू नकोस. आधी एक दिवस खेळ, झोप, सेव्ह होऊ दे, बाहेर ये, पुन्हा उघडून बघ. तिने १० तारीख पुन्हा खेळली, ११ तारखेची सकाळ पाहिली. त्यानंतरच हॉटस्पॉट चालू केला, आणि आता चांगली प्रत वर गेली.

क्लाउड प्रश्न विचारतो तेव्हा

एखाद्या वेळी खेळ सुरू करताना स्टीम एक चौकट दाखवते. संगणकावरची साठवण आणि क्लाउडवरची साठवण यांचा मेळ बसत नाही, कोणती ठेवू? दोन संगणकांवर खेळले असले, किंवा मध्ये नेट नसताना खेळले असले, की असे होते. मुले इथे घाईने कुठलेही बटण दाबतात. लक्षात ठेवावे, की जी निवडाल ती राहते आणि दुसरीची जागा ती घेते. चौकटीत दोन्हींच्या तारखा आणि वेळा असतात, त्या वाचाव्यात. पण नवी म्हणजे चांगली असे नाही. आमच्या प्रकरणात सर्वांत नवी फाइलच कोरी होती. शंका असेल तर काहीच न निवडता चौकट बंद करावी, Saves फोल्डरची प्रत काढावी, आणि मग परत यावे.

शेत पुसले गेले असेल तर

वर सांगितले ते बिघडलेल्या फाइलचे झाले. पुसलेल्या शेताची गोष्ट वेगळी आणि अवघड आहे. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी हे घडले. धाकट्याने यादीतल्या शेताजवळचे कचरापेटीचे चिन्ह दाबले, खेळाने खात्री विचारली, त्याने होय म्हटले. मोठा मुलगा शाळेतून आला तोवर खेळ बंदही झाला होता आणि नेट चालू होते.

अशा वेळी आख्खे फोल्डर जाते, त्याच्याबरोबर `_old` फाइलीही जातात. ते रिसायकल बिनमध्येही सापडत नाही, कारण पुसण्याचे काम खेळाने परस्पर केलेले असते. आणि खेळ बंद होताना पुसल्याची खबर क्लाउडपर्यंत जाते. आरसाच तो.

मग उरते विंडोजची स्वतःची सोय. Saves फोल्डरवर राइट क्लिक करून Properties आणि त्यात Previous Versions पाहायचे. तारखा दिसल्या तर त्यातली हवी ती Open करून आतले फोल्डर कॉपी करून घ्यायचे. Restore दाबू नये, ते आत्ताचे झाकून टाकते. पण अपेक्षा बेताची ठेवावी. ही यादी दोन सोयींतून येते, फाइल हिस्टरी आणि रिस्टोअर पॉइंट. फाइल हिस्टरी मुळात बंद असते, आणि चालू केली तरी AppData हे लपलेले फोल्डर ती आपणहून घेत नाही. वनड्राइव्हही सहसा Documents, Desktop, Pictures एवढेच सांभाळते. सहकाऱ्याच्या घरी यादी रिकामीच निघाली.

तरी शेत परत मिळाले, आणि ते भलत्याच वाटेने. मोठ्या मुलाने खेळात काही जादा करामती घालण्यासाठी स्मापी नावाचा मोफत प्रोग्राम बसवला होता. तो खेळ त्यातून सुरू केला, की दिवसातून एकदा सर्व शेतांची प्रत आपोआप काढून ठेवतो. शेवटच्या दहा प्रती ठेवतो, जुन्या काढून टाकतो. त्या Saves मध्ये नसतात. खेळ जिथे बसवला आहे त्या फोल्डरमध्ये `save-backups` नावाने असतात. मुलाला हे ठाऊकच नव्हते. आम्ही झिप उघडली, शेताचे फोल्डर बाहेर काढून Saves मध्ये ठेवले, आणि आदल्या दिवशीपर्यंतचे शेत उभे राहिले. मूळ फोल्डरपासून दूर असल्यामुळेच ती प्रत वाचली. पुसणाऱ्याचा हात तिथवर गेला नाही.

स्वतःची प्रत

दोन्ही घरांतून मला जे उमगले ते एवढेच. `_old` एक दिवस मागे नेते, क्लाउड शेवटच्या बंद करण्यापर्यंत नेतो, आणि दोन्हीही पुढच्या साठवणीबरोबर बदलतात. आपोआप बदलत नाही अशी एक तरी प्रत असावी, आणि ती आपणच काढावी लागते.

भाचीला मी एक लहान फाइल करून दिली. Notepad मध्ये पुढील ओळी लिहून `copy.bat` या नावाने डेस्कटॉपवर साठवायच्या. साठवताना Save as type मध्ये All files निवडायचे :

```
@echo off
set d=%date:/=-%
robocopy "%appdata%\StardewValley\Saves" "D:\FarmCopy\%d%" /E
```

दोनदा क्लिक केले की त्या दिवसाच्या तारखेचे फोल्डर तयार होऊन त्यात सगळी शेते उतरतात. D ड्राइव्ह नसेल तर तिथे पेन ड्राइव्हचे अक्षर घालावे. शेवटी `/E` च लिहावे. काहीजण `/MIR` लिहितात. त्याने नक्कल हुबेहूब होते, म्हणजे मुळात पुसले की नकलेतही पुसले जाते. पुन्हा आरसाच. काम खेळ बंद असतानाच करावे, नाहीतर अर्धी साठवण उतरायची.

ही फाइल भाची दर रविवारी चालवते, भावाला फोन करण्याआधी. मागच्या रविवारी मी तिच्या घरीच होतो. ती त्याला सांगत होती, "एक दिवस गेला फक्त. तोही मी परत केला." पलीकडून त्याने विचारले, कोंबड्यांना चारा घातलास का? ती म्हणाली, "दोनदा घातला. एकाच दिवशी."

पुढच्या अंकात : मोबाईल हरवला तर त्यातले नंबर आणि फोटो परत कसे मिळवावेत. आपल्या घरातल्या संगणकाच्या अडचणी वाचकांनी जरूर लिहून कळवाव्यात.